लांबलचक स्वागत-मेलमधून पहिल्या दिवसाची चेकलिस्ट काढताना

कारखान्यात किंवा ऑफिसात नवा माणूस रुजू होणार असला की एचआरकडून एक मेल जातो. त्यात स्वागत असतं, कंपनीचं कौतुक असतं, कँटीनच्या मिसळीची तारीफ असते आणि मधूनमधून कामाच्या गोष्टी पेरलेल्या असतात. नवा माणूस तो मेल आनंदाने एकदा वाचतो. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता बसस्टॉपवर उभं राहून मोबाईलवर तोच मेल वरखाली सरकवत ‘नक्की कुठल्या गेटला जायचं’ हे शोधतो, आणि तेव्हा त्याला ते सापडत नाही. त्या वेळी हातात हवी असते दहा-बारा ओळींची यादी: किती वाजता, काय, कुठे, कोणाला भेटून, आणि अडलं तर फोन कोणाला.

ही यादी बनवायचं काम एचआरमध्ये नव्याने आलेल्या सहायकाकडे किंवा ॲडमिनकडे येतं. बहुतेक जण मेल छोटा करायला बसतात आणि तिथेच फसतात. मेल छोटा केला की चुकाही छोट्या होऊन तशाच यादीत उतरतात. मेलमध्ये ‘सकाळीच’, ‘साधारण’, ‘टीम संपर्क साधेल’ असे शब्द चालून जातात, यादीत ते चालत नाहीत. त्यामुळे या कामातला निम्म्याहून जास्त वेळ लिहिण्यात जात नाही, फोन करून खात्री करण्यात जातो.

उदाहरणासाठी चाकण एमआयडीसीतला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना धरू. जनरल शिफ्ट साडेआठ ते पाच. सोमवारी पाच जण रुजू होणार आहेत. त्यांना जाणारा मेल साधारण असा आहे (नमुना आमचाच, पण असे मेल रोज जातात):

> नमस्कार आणि आपल्या परिवारात मनःपूर्वक स्वागत! सोमवारी सकाळी साडेआठला भेटूया. निगडीहून सातच्या सुमारास कंपनीची बस असते, तिने आलात तर उत्तम. पहिला दिवस थोडा धावपळीचा असतो, त्यामुळे हलका नाश्ता करून या, नाहीतर आमच्या कँटीनची मिसळ आहेच! सकाळीच मेडिकल उरकून घेऊ, त्यात एक छोटी ब्लड टेस्ट असते, घाबरू नका. मग सेफ्टी इंडक्शन. सेफ्टी शूज कंपनीकडून मिळतील. येताना सर्व आवश्यक कागदपत्रं आणायला विसरू नका. लॅपटॉपसाठी आयटी टीम तुमच्याशी संपर्क साधेलच. दुपारी तुमच्या मॅनेजरशी ओळख होईल. काहीही अडचण आली तर आमची स्नेहा आहेच, एक्स्टेंशन २१४. भेटूया!

मेल प्रेमळ आहे, त्यात वावगं काही नाही. पण यावर विसंबून आलेला माणूस दिवसभरात निदान चार ठिकाणी अडकेल.

आधी मेलमधली कामं वेगळी करा

मेलची प्रिंट काढा आणि नव्या माणसाने प्रत्यक्ष करायच्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ मारा. येणं, आणणं, भेटणं, सही करणं, घेणं. बाकीच्या मजकुराला हात लावू नका. तो मेल तसाच जाऊ दे, कारण स्वागताचं काम तो करतोच. यादी वेगळी जाईल.

रेघ मारलेल्या प्रत्येक कामापुढे लिहा: घरून निघण्याआधीचं, पहिल्या दिवशीचं की नंतरचं. वरच्या मेलमध्ये ‘आणा’ आणि ‘हलका नाश्ता करून या’ या दोन गोष्टी आदल्या रात्रीच्या आहेत. सोमवारी सकाळी कळून त्यांचा उपयोग नाही. विमा कार्ड, पार्किंगचं स्टिकर, वाढदिवसाची नोंद अशा गोष्टी मेलमध्ये असल्या तर पहिल्या दिवसाच्या यादीतून सरळ काढा. त्यांची वेळ आली की वेगळा निरोप पाठवता येतो.

मग त्या वाक्यांकडे वळा ज्यांत काम आहे पण ते करणारा माणूस नाही. ‘आयटी टीम संपर्क साधेलच’ हे त्यातलं नेहमीचं. संपर्क कोण, कशावर, किती वाजता करणार? नव्या माणसाकडे कंपनीचा मेल नाही, डेस्क नाही, एक्स्टेंशन नाही. आयटीवाला त्याला शोधणार कुठे? चौकशी केली की बहुतेक ठिकाणी कळतं, आयटी कोणाशीही संपर्क साधत नाही, माणसालाच त्यांच्या खिडकीवर जावं लागतं. मग यादीत ओळ येते: ‘आयटीच्या खिडकीवर जा.’ कर्ता आता नवा माणूस आहे, आणि पहिल्या दिवशी यादीतली प्रत्येक ओळ अशीच असायला हवी.

प्रत्येक वेळेसाठी त्या-त्या खात्याला फोन

एचआरला माहीत असलेली वेळ आणि त्या खात्याची खरी वेळ यांत फरक असतो. म्हणून वेळ मेलमधून उचलू नका. प्रत्येक ठिकाणी फोन करा आणि तीनच प्रश्न विचारा: सुरू कधी होतं, बंद कधी होतं, आणि आलेला माणूस कशामुळे परत पाठवला जातो. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा.

आपल्या कारखान्यात या फोनांतून असं निघालं.

ट्रान्स्पोर्ट डेस्क म्हणतो, बस निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून ७:०५ ला सुटते आणि आठ-सव्वाआठच्या आत गेटवर येते. ओळखपत्र नसलेल्याला ड्रायव्हर घेत नाही. नाव आधीच्या कामाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत यादीत द्यावं लागतं. इथे ‘आदल्या दिवशी’ असं लिहिलं तर घोटाळा होईल. आदला दिवस रविवार आहे, आणि या पट्ट्यात काही कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. वार लिहा. शिवाय नाव देण्याचं काम नव्या माणसाचं नाहीच, तुमचं आहे. त्यामुळे ते त्याच्या यादीत न जाता तुमच्या स्वतःच्या तयारीच्या यादीत जाईल.

मुख्य गेटच्या सिक्युरिटी केबिनमध्ये मूळ फोटो ओळखपत्र पाहून तात्पुरता पास देतात, स्वतःचा लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह असेल तर नोंद करतात आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. एका माणसाला पाच मिनिटं. पण पाच जण एकदम आले, खिडकीवर गार्ड एकच असला आणि समोर शिफ्टची गर्दी असली, तर शेवटच्याला पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे ८:३० ला गेटवर पोचलेल्या शेवटच्या माणसाला आत यायला ८:५५ होणारच.

ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यात, रक्ताचा नमुना ८:३० ते ९:३० याच वेळात घेतात, कारण लॅबचा माणूस पावणेदहाला नमुने घेऊन निघतो. तपासणीत उपाशीपोटीची साखर आहे. म्हणजे त्याआधी निदान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही जाता कामा नये.

आता मेलकडे परत बघा. मेल म्हणतो, हलका नाश्ता करून या. पाचही जण पोहे खाऊन आले तर पाचही नमुने बाद, आणि सगळ्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी बोलवावं लागेल. ही चूक मेल कितीही वेळा वाचला तरी दिसत नाही, कारण दोन्ही वाक्यं आपापल्या जागी ठीक आहेत. कामं वेळेच्या क्रमाने एकाखाली एक लिहिली की मगच ती उघडी पडते. तोंडी विचारलं तर ‘चहा चालेल का’ हा प्रश्न हमखास येतो. चालणार नाही, दूध-साखरेचा तर नाहीच. यादीत हे स्पष्ट लिहा. रोजचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने डोस टाळू नये, आधी ओएचसीच्या डॉक्टरांना फोन करावा, हेही त्याच ओळीत हवं.

कँटीन सांगतं, नाश्ता ९:१५ ला बंद. म्हणजे नमुना नऊच्या आत दिला तरच मिसळ. रात्री दहापासून उपाशी असलेल्या माणसाला साडेनऊला दोन तासांच्या इंडक्शनमध्ये बसवणं बरं नाही, त्यामुळे इथे क्रम ठरूनच गेला: गेट, ओएचसी, कँटीन.

सेफ्टी विभागाचं इंडक्शन ९:३० ला सुरू होतं आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. त्याला पुढच्या बॅचपर्यंत थांबावं लागतं, आणि इंडक्शन झाल्याशिवाय शॉपफ्लोअरवर पाऊल टाकता येत नाही. शूज तिथेच मिळतात, पण नंबर आधी कळवलेला असेल तर. ऐनवेळी सात नंबर संपलेला असतो आणि माणूस आठव्या नंबरच्या शूजमध्ये दिवसभर फटक-फटक चालतो.

टाइम ऑफिसमधून एम्प्लॉयी कोड मिळतो. आयटीला लॅपटॉप द्यायला हाच कोड लागतो, आणि टाइम ऑफिस कोड देतं कागदपत्रं तपासून झाल्यावरच. म्हणजे कागदपत्रं, कोड, लॅपटॉप ही साखळी उलटी चालत नाही. मेलमध्ये मात्र या कोडचा उल्लेखच नव्हता.

वेळ मागून मोजत या

सगळ्या वेळांत एक वेळ अशी असते जी हलत नाही. इथे ती ९:३० चं इंडक्शन. तिथून मागे मोजा. ९:३० च्या आधी दहा मिनिटं हॉलपर्यंत चालायला, म्हणजे कँटीनमधून ९:२० ला निघायचं. नाश्ता ९:१५ ला बंद होतो, तेव्हा ९:०० ला तिथे पोचायला हवं. पाच जणांचे नमुने पंधरा-वीस मिनिटांत होतात, म्हणून ओएचसीत ८:४०. गेटवर २५ मिनिटं, म्हणजे गेटसमोर ८:१५. मेल सांगत होता साडेआठ. कंपनीची शिफ्ट साडेआठला सुरू होते म्हणून कोणीतरी ती वेळ लिहिली, बाकी तिचा नव्या माणसाच्या दिवसाशी संबंध नव्हता.

बसने येणारा वेळेत पोचतो. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यालाही ८:१५ च सांगा. तळवडे-चाकण रस्त्यावर सकाळी कशी गर्दी असते ते त्याला माहीत असेल, पण गेटवर पंचवीस मिनिटं जातात हे माहीत नसेल.

यादीत वेळ आकड्यांतच लिहा, ८:१५ किंवा ५:१५, आणि पुढे सकाळी-दुपारी लावा. ‘सव्वाआठ’ कानाला बरं वाटतं, पण घाईत नजर आकडाच शोधते. ‘साधारण’ हा शब्द आला की समजा, तो फोन करायचा राहिला आहे.

संपर्क: कोण, कशासाठी, त्या वेळी उचलेल का

मेलमध्ये एकच संपर्क आहे: स्नेहा, एक्स्टेंशन २१४. यात तीन अडचणी आहेत. एक्स्टेंशन कारखान्याच्या आतल्या फोनवरून लागतं. बसस्टॉपवर उभ्या माणसाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. दुसरं, स्नेहा साडेआठला येते आणि पहिली अडचण सात वाजता बस चुकली तेव्हाच येते. तिसरं, एचआरला गेटची, बसची, दवाखान्याची सगळी दुखणी सांगितली तर ती तरी पुढे त्याच लोकांना फोन करणार.

म्हणून प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा नंबर द्या, पण एकूण चारपेक्षा जास्त नाही. बससाठी ट्रान्स्पोर्ट डेस्कचा मोबाईल (ड्रायव्हरचा खासगी नंबर नको, ड्रायव्हर बदलतो आणि गाडी चालवताना त्याने फोन उचलूही नये). गेटसाठी सिक्युरिटी केबिनचा लँडलाइन, कोडसह पूर्ण. चाकणचा असेल तर 02135 ने सुरू होणारा. दवाखान्यासाठी ओएचसी. बाकी सगळ्यासाठी एचआर, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरा कोण हे कंसात.

नावाआधी पद लिहा. ‘स्नेहा’ एवढंच असेल तर नवा मुलगा गेटवर विचारतो, ‘स्नेहामॅडम कुठे बसतात?’ आणि गार्डला तीन स्नेहा माहीत असतात. ‘एचआर, जॉइनिंग डेस्क’ असं असेल तर उद्या तिथे दुसरी व्यक्ती आली तरी ओळ चालते.

फोन नंबर इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंकांतला नंबर प्रत्येक मोबाईल ओळखून थेट लावू देईलच असं नाही, आणि टाइप करताना चूक होते. सगळे नंबर पाठवण्याआधी स्वतः लावून बघा, तेही सकाळी आठला. दुपारी बाराला सगळेच उचलतात.

‘आवश्यक कागदपत्रं’ म्हणजे कोणती

हा शब्दप्रयोग यादीत कधीच येऊ देऊ नका. ज्याला आवश्यक काय ते माहीत आहे त्याला यादीची गरज नव्हती. नाव आणि संख्या लिहा. आपल्या कारखान्यासाठी: आधार, पॅन आणि शेवटच्या पदवीचं प्रमाणपत्र, तिन्ही मूळ आणि प्रत्येकी एक झेरॉक्स, आधीच्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, नाव छापलेला एक कॅन्सल्ड चेक, नसेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, चार पासपोर्ट फोटो.

यात एक गोष्ट नेहमी सुटते, ती म्हणजे यूएएन. आधी कुठे पीएफ कापला गेला असेल तर तो बारा अंकी क्रमांक फॉर्म ११ मध्ये भरावा लागतो. आठवत नाही म्हणून रकाना रिकामा ठेवला की नवा यूएएन निघण्याची शक्यता असते, आणि मग दोन खाती एकत्र करताना त्याच माणसाची पायपीट होते. तो क्रमांक जुन्या पगारपत्रकावर सहसा असतो. घरी बसून शांतपणे शोधता येतो, काउंटरवर उभं राहून नाही. म्हणून तोही आदल्या रात्रीच्या भागात. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाईल सोबत हवा, हेही तिथेच.

कागदपत्रांचे फोटो कोणाच्या खासगी व्हॉट्सॲपवर मागवू नका. यादीत पासवर्डही लिहू नका, तात्पुरता असला तरी. ही यादी पुढे पुढे फॉरवर्ड होत जाते.

तयार यादी

आता लिहायला दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक ओळ वेळेने सुरू होते, मग क्रियापद, मग जागा. कारण फक्त तिथेच दिलं आहे जिथे ते कळलं नाही तर माणूस ओळ पाळणार नाही.

> सोमवार, पहिला दिवस
>
> रविवारी रात्री
> ☐ पिशवीत भरा: मूळ आधार, पॅन, पदवी आणि प्रत्येकी १ झेरॉक्स, रिलिव्हिंग लेटर, १ कॅन्सल्ड चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, ४ फोटो, यूएएन लिहिलेला कागद, आधारला जोडलेला मोबाईल
> ☐ रात्री १० नंतर फक्त पाणी. सकाळी चहाही नको, उपाशीपोटी रक्त तपासायचं आहे. रोजचं औषध असेल तर आधी ओएचसीला फोन करा
>
> सोमवारी
> ☐ सकाळी ६:५५ – भक्ती-शक्ती चौक, निगडी. बस ७:०५ ला सुटते. मूळ आधार दाखवा
> ☐ ८:१५ – मुख्य गेट, सिक्युरिटी केबिन. मूळ आधार दाखवून पास घ्या
> ☐ ८:४० – ओएचसी, गेटमधून आत डावीकडे. रक्ताचा नमुना द्या
> ☐ ९:०० – कँटीन. नाश्ता ९:१५ ला बंद
> ☐ ९:३० – ट्रेनिंग हॉल, पहिला मजला. सेफ्टी इंडक्शन. उशिरा आल्यास आत घेत नाहीत
> ☐ ११:४५ – टाइम ऑफिस. कागदपत्रं द्या, एम्प्लॉयी कोड घ्या
> ☐ दुपारी १२:३० – जेवण, कँटीन
> ☐ २:०० – आयटीची खिडकी, तळमजला. कोड सांगून लॅपटॉप घ्या
> ☐ ३:०० – मॅनेजर तुम्हाला आयटीपाशी घ्यायला येतील
> ☐ ५:१० – परतीची बस, मुख्य गेट. ५:१५ ला सुटते
>
> अडलं तर
> बस: ट्रान्स्पोर्ट डेस्क 98xxxxxx12 (सकाळी ६ पासून)
> गेट: सिक्युरिटी केबिन 02135-xxxxxx (२४ तास)
> तब्येत, औषध: ओएचसी 98xxxxxx47 (२४ तास)
> बाकी सगळं: एचआर जॉइनिंग डेस्क 98xxxxxx30 (८:३० पासून)

शूजचा नंबर या यादीत नाही, कारण तो आधीच्या आठवड्यात फोनवर विचारून सेफ्टीला कळवायचा आहे. ‘मॅनेजर घ्यायला येतील’ ही एकच ओळ अशी आहे जिथे नवा माणूस काही करत नाही. ती ठेवायची असेल तर मॅनेजरच्या कॅलेंडरमध्ये ३:०० ची नोंद तुम्ही स्वतः टाका, नाहीतर तो मुलगा लॅपटॉपची पिशवी धरून आयटीच्या खिडकीपाशी चार वाजेपर्यंत उभा राहील.

यादी मेलच्या मजकुरातच साध्या ओळींत पाठवा. रकान्यांचा तक्ता मोबाईलच्या अरुंद पडद्यावर मोडतो, वेळ एकीकडे आणि जागा दुसरीकडे जाते. जोडलेली फाइल बसमध्ये रेंज नसताना उघडत नाही. शनिवारी सकाळी पाठवा. शुक्रवारी स्वागताच्या मेलसोबतच पाठवली तर ती त्याच्याखाली दबते, रविवारी रात्री पाठवली तर झेरॉक्सची दुकानं बंद झालेली असतात. आणि हो, मूळ मेलमधलं ‘हलका नाश्ता करून या’ हे वाक्य काढून टाका. दोन कागदांवर दोन सूचना असतील तर माणूस आपल्याला आवडेल ती पाळतो.

पाठवण्याआधी गेल्या महिन्यात रुजू झालेल्या कोणाला तरी वाचायला द्या. ‘कशी वाटली’ असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. ‘८:४० ला तू कुठे उभा असशील आणि तिथून कँटीनला कसा जाशील’ असं विचारा. त्याने हाताने दिशा दाखवली आणि ती यादीत नसली, तर तेवढे दोन शब्द घाला. ‘गेटमधून आत डावीकडे’ ही भर अशाच प्रश्नातून पडते. जुन्या माणसाला ती सुचत नाही, कारण त्याचे पाय आपोआप वळतात.

यादीच्या तळाशी बारीक अक्षरात तपासल्याची तारीख घाला आणि वेळा व नंबर पुन्हा पडताळण्याचं काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा. दर नव्या बॅचआधी चार नंबर आणि तीन गोष्टींच्या वेळा तपासायच्या: बस, लॅबचा माणूस, इंडक्शन. बाकीच्या ओळी सहसा हलत नाहीत. बसची वेळ मात्र शाळा सुरू झाल्या, रस्त्याचं काम निघालं की लगेच बदलते, आणि ते एचआरला सगळ्यात शेवटी कळतं.